वाटा पुढे मोजा, वाटे मागे द्या

एखादा बिंदू इतरांमधल्या किती लघुतम वाटांवर येतो, हे मोजण्यासाठी पूर्वी जाळ्यातली प्रत्येक जोडी तपासावी लागे. उलरिक ब्रँडेस यांनी २००१ मध्ये तो खटाटोप टाळला.

समजा, अ पासून ब आणि क कडे रस्ते आहेत, त्या दोघांपासून ड कडे आणि ड पासून इ कडे. अ पासून थराथराने पुढे जायचं. प्रत्येक बिंदूच्या वाटा म्हणजे आधीच्या थरातल्या शेजाऱ्यांच्या वाटांची बेरीज. ब, क ला एकेक. ड ला दोन, इ लाही दोन.

आता सर्वांत दूरच्या बिंदूपासून उलटं यायचं. इ मुळे ड ला १ मिळतो. ड चा स्वतःचा १ आणि मिळालेला १, असे २ ब आणि क मध्ये वाटांच्या प्रमाणात विभागायचे: प्रत्येकी १. ही वाटणी सरसकट समान केली, तर चूक इथे दिसणारच नाही, कारण ब आणि क च्या वाटा सारख्याच आहेत. म्हणून चाचणीला असमान वाटांचं जाळं घ्यावं.

आरंभबिंदूचा वाटा सोडून द्यायचा. असं प्रत्येक बिंदूपासून करून बेरीज घ्यायची. रस्ते दुतर्फा असतील तर शेवटी निम्मी, कारण प्रत्येक जोडी दोनदा मोजली जाते.