फराळाचा वर्षभराचा आराखडा

कंटेंट कॅलेंडर म्हणजे वर्षभरात कोणता मेसेज, कोणता फोटो आणि कोणती सवलत कोणत्या दिवशी कोणाकडे जायची, याचा आधी मांडलेला तक्ता. छोट्या व्यवसायात तो बहुतेकदा सणांच्या तारखा मांडून तयार होतो: संक्रांतीला तिळगुळाचा फोटो, गणपतीला मोदकाचा, लक्ष्मीपूजनाला पणतीचा. असा तक्ता शुभेच्छा देण्यापुरता ठीक आहे, विक्रीसाठी मात्र निरुपयोगी ठरतो. लक्ष्मीपूजनाच्या सकाळी चकलीचा फोटो पाहणाऱ्या घरात चकलीचा डबा केव्हाच भरलेला असतो. म्हणून गिऱ्हाईक खरेदी ठरवते तो दिवस तक्त्यात आधी येतो आणि सणाची तारीख त्याच्या मागून.

फराळ आणि वाळवणाचा घरगुती उद्योग याचे सर्वांत चांगले उदाहरण आहे. त्याचे जवळजवळ सगळे उत्पन्न पंचांगाला बांधलेले असते, माल टिकण्याला मर्यादा असते आणि काम करणारे हातही मोजकेच असतात. साताऱ्यासारख्या गावात चार बायका मिळून असा उद्योग चालवतात आणि सणाच्या धांदलीत दिवसाला वीस किलो फराळ तयार करू शकतात, असे धरून 2026 या वर्षाचा आराखडा मांडता येतो.

पहिली अडचण तारखांचीच असते. चांद्र वर्ष सुमारे 354 दिवसांचे असल्याने सण दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतात आणि अधिक मास आला की एकदम पुढे जातात. 2025 मध्ये गणेश चतुर्थी 27 ऑगस्टला होती, 2026 मध्ये ती 14 सप्टेंबरला येते. लक्ष्मीपूजन 21 ऑक्टोबरवरून 8 नोव्हेंबरवर जाते. गेल्या वर्षीच्या तारखा तशाच उतरवल्या तर दिवाळीचा पहिला मेसेज अडीच आठवडे आधीच जाईल. लोक तो वाचतील आणि विसरतील. म्हणून नोंद तारखेची न ठेवता अंतराची ठेवावी. ‘10 सप्टेंबरला मेसेज’ अशी नोंद पुढच्या वर्षी उपयोगाची नसते, ‘चतुर्थीच्या चार दिवस आधी मेसेज’ ही नोंद दरवर्षी चालते. संक्रांत सूर्यावर ठरते, त्यामुळे ती 14 जानेवारीच्या आसपासच राहते. तिळगुळाची विक्री मात्र त्या दिवशी संपत नाही. हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालते आणि 2026 मध्ये रथसप्तमी 25 जानेवारीला आहे. तेव्हा संक्रांतीनंतर तिळाच्या वड्यांची पाकिटे वाण म्हणून मांडणारा वेगळा मेसेज हवा.

दिवाळीचा हिशेब उलट्या बाजूने करावा लागतो. लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला आहे, पण फराळ घरात त्याच्या तीन-चार दिवस आधी लागतो. म्हणजे गावातली शेवटची ऑर्डर 5 नोव्हेंबरला हातात पडली पाहिजे. दसरा 20 ऑक्टोबरला. त्यानंतर 22 ऑक्टोबर ते 4 नोव्हेंबर असे चौदा दिवस तळणाचे मिळतात. त्यातले दोन दिवस गॅस, आजारपण आणि राहिलेल्या कामासाठी सोडले तर बारा दिवसांत 240 किलो माल होतो. एका घराची सरासरी ऑर्डर तीन किलोची धरली तर हे काम ऐंशी घरांचे आहे. प्रसिद्धी किती करायची हे याच आकड्यावर ठरते. ऐंशीवी ऑर्डर आली की ‘ऑर्डर बंद’ असे स्पष्ट सांगणारा मेसेज जायला हवा. तो गेला नाही तर पुढची दहा घरे होकार गृहीत धरतात, चकल्या घाईने तळल्या जातात आणि मऊ पडतात. पुढच्या वर्षी ती घरे परत येत नाहीत.

परदेशातल्या नातेवाइकांना पाठवायच्या फराळाचे घड्याळ वेगळे आहे. कुरिअरला आठवडा-दहा दिवस लागतात, सणाच्या गर्दीत त्याहून जास्त, आणि सीमाशुल्क खात्यात पार्सल अडकू शकते. त्यामुळे हे डबे 14 ऑक्टोबरला, म्हणजे नवरात्र नुकतेच बसलेले असताना निघायला हवेत. त्यासाठी 10 ते 13 ऑक्टोबर हे चार दिवस तळणाचे. त्यातून जास्तीत जास्त ऐंशी किलो माल होतो आणि ऑर्डर 8 ऑक्टोबरला थांबवावी लागते. आता ऑर्डर मागायची कधी? घटस्थापना 11 ऑक्टोबरला आहे, म्हणजे ऑर्डर गोळा करण्याचे सगळे दिवस पितृपक्षात येतात.

पितृपक्ष हा बहुतेक तक्त्यांत रिकामा सोडलेला पंधरवडा. नवी खरेदी टाळण्याची रीत असल्याने दुकानदारही गप्प बसतात. फराळवाल्यांना मात्र ते परवडत नाही. 25 सप्टेंबरला अनंत चतुर्दशी झाली की दुसऱ्याच दिवशी परदेशी ऑर्डरचा पहिला मेसेज जायला हवा. त्याचा सूर तेवढा सांभाळावा. त्यात सवलत नको, फटाके-पणत्यांचे चित्र नको. ‘मुलांना दिवाळीचा डबा पाठवायचा असल्यास पत्ता आणि वजन 8 ऑक्टोबरपर्यंत कळवावे, डबे 14 ऑक्टोबरला निघतील’ एवढे पुरेसे आहे. सोबत डब्यात काय जाईल आणि काय जाणार नाही, हेही लिहावे. चिवडा, शंकरपाळी आणि चकली प्रवासात टिकतात, ओल्या नारळाची करंजी टिकत नाही. हे आधी सांगितले की फोनवरचे निम्मे प्रश्न संपतात.

2026 चे खरे वेगळेपण अधिक ज्येष्ठात आहे. तो 17 मे ते 15 जून असा येतो. या महिन्यात लग्ने होत नाहीत, त्यामुळे रुखवताच्या ऑर्डरी थांबतात आणि वरवर पाहता हा महिना मंद ठरतो. पण याच महिन्यात जावयाला तेहतीस अनारशांचे वाण देण्याची रीत आहे, आणि अनारसे घरी करणारे हात आता कमी झाले आहेत. तेव्हा फराळाच्या उद्योगासाठी हा महिना एका पदार्थाचा हंगाम असतो. अनारशाला वेळ लागतो: तांदूळ तीन दिवस रोज पाणी बदलून भिजवायचे, सावलीत वाळवायचे, दळायचे, गूळ मिसळून पीठ काही दिवस मुरू द्यायचे. एवढे झाल्यावरच एका बाजूला खसखस लावून तळायचे. आज मागितले आणि उद्या दिले, असे होत नाही. 20 मेला वाण द्यायचे असेल तर तांदूळ मेच्या पहिल्या आठवड्यातच भिजत पडलेले असायला हवेत. म्हणून ऑर्डर मागणारा मेसेज एप्रिलच्या शेवटी, अक्षय्य तृतीयेची गडबड ओसरली की जावा.

तो मेसेज सगळ्यांना पाठवण्याचे कारण नाही. गेल्या वर्ष-दीड वर्षात ज्या घरांनी मुलीच्या लग्नाचे रुखवत याच उद्योगाकडून घेतले, त्या घरात नवा जावई आहे. अनारशांचे पहिले गिऱ्हाईक तेच, आणि दिवाळसणाच्या फराळाचेही. ऑर्डरच्या वहीत नावापुढे ‘रुखवत’, ‘परदेश’, ‘उपवास’ अशा खुणा वर्षभर केल्या असतील तर ही यादी दहा मिनिटांत निघते. व्हॉट्सअॅपवर एका ब्रॉडकास्ट यादीत 256 पर्यंत नावे बसतात, आणि ज्यांनी उद्योगाचा नंबर आपल्या फोनमध्ये जतन केला आहे त्यांनाच ब्रॉडकास्ट पोहोचतो. म्हणून डबा देताना ‘नंबर सेव्ह करून ठेवा’ असे सांगणे हाही या तक्त्याचाच भाग आहे. खुणांप्रमाणे तीन-चार छोट्या याद्या केल्या की कोणाच्याही फोनवर नको असलेले मेसेज जात नाहीत.

बाकी वर्ष यामानाने सरळ आहे. मार्चमध्ये पापड, कुरडया, सांडगे यांच्या ऑर्डरी घ्यायच्या, कारण ऊन एप्रिल-मेमध्येच मिळते आणि पावसाळ्यात फक्त साठा विकता येतो. आषाढी एकादशी 25 जुलैला, श्रावण 13 ऑगस्टपासून. दोन्ही वेळी ‘उपवास’ खुणेच्या यादीला राजगिऱ्याचे लाडू आणि उपवासाचा चिवडा. उकडीच्या मोदकांची गोष्ट निराळी आहे. ते त्याच दिवशी वळावे लागतात, त्यामुळे नगांची मर्यादा आधी ठरवून चतुर्थीच्या आठ दिवस आधी नोंदणी सुरू करावी. दिवाळीनंतर पंधरा-वीस दिवस काहीही विकायला जाऊ नये, तळलेले आणि गोड यांचा तेव्हा सगळ्यांनाच कंटाळा आलेला असतो. थंडी पडली की डिंकाचे आणि मेथीचे लाडू पुढे आणावेत.

खरे मंद महिने दोनच: बोर्डाच्या परीक्षांमुळे शांत असलेला फेब्रुवारी आणि अधिक मास संपल्यानंतर आषाढीपर्यंतचा पावसाळा. या काळात उगाच सवलत देऊन विक्री ओढून आणण्यात अर्थ नाही. सवलतीत घेतलेला फराळ पुढच्या ऑर्डरमधूनच वजा होतो. त्यापेक्षा फोटोंची कामे उरकावीत, दर नव्याने काढावेत, खुणा तपासाव्यात. एक काम मात्र मंद महिन्यावर ढकलता येत नाही. दिवाळीच्या चकलीचा चांगला फोटो दिवाळीत तळताना काढलेलाच असतो, म्हणून ‘पुढच्या वर्षासाठी फोटो’ ही ओळ सणाच्या कामातच लिहून ठेवावी.

तक्ता चुकतो आहे हे कळते ते नोंदींवरून. प्रत्येक सणाला तीनच मेसेज पुरतात: ऑर्डर सुरू, किती जागा उरल्या, ऑर्डर बंद. त्यांच्यापुढे सणाला उरलेले दिवस, आलेल्या चौकशा आणि पक्क्या ऑर्डरी लिहाव्यात. ऑर्डर बंद केल्यावरही खूप फोन येत असतील तर पहिला मेसेज उशिरा गेला किंवा क्षमता कमी पडली. चौकशा भरपूर आणि ऑर्डरी थोड्या असतील तर मेसेजमध्ये दर, वजन किंवा मिळण्याची तारीख नव्हती. मेसेज गेला आणि दोन दिवस काहीच हालचाल झाली नाही तर तो फार लवकर गेला. एका वर्षाच्या नोंदीवरून घाईने निष्कर्ष काढू नये, पण दोन दिवाळ्यांच्या नोंदी जुळल्या तर त्यांवर विश्वास ठेवावा.

नवीन कालनिर्णय भिंतीवर लागले की भाद्रपद आणि आश्विनाची पाने आधी भरावीत, वर्षाची मोठी कमाई तिथेच आहे. 2027 मध्ये अधिक मास नाही. गणेश चतुर्थी 4 सप्टेंबरला आणि लक्ष्मीपूजन 29 ऑक्टोबरला येते. दोन्ही दहा दिवस अलीकडे, त्यामुळे परदेशी डब्यांचा पहिला मेसेज त्या वर्षी 16 सप्टेंबरच्या सुमारासच पाठवावा लागेल.