४०० भेटी, ८ ऑर्डरी

समजा, देवगडच्या एका आंबा बागायतदाराच्या वेबसाइटवर आठवड्यात ४०० सेशन्स झाली. सेशन म्हणजे एक भेट; ३० मिनिटं काहीच हालचाल नसली की गूगल अ‍ॅनालिटिक्स ती संपली असं धरतं. त्यामुळे सकाळी आणि रात्री येणारा एकच माणूस दोनदा मोजला जातो.

ऑर्डरी आल्या ८, म्हणजे कन्व्हर्जन रेट २ टक्के. पण मोबाइलवरच्या ३०० सेशन्समधून २ आणि कॉम्प्युटरवरच्या १०० मधून ६ ऑर्डरी असतील, तर दोष बहुधा भावाचा नाही. मालकाने स्वतःच्या फोनवरून एक पेटी मागवून पाहावी; पिनकोडचा रकाना कीबोर्डखाली झाकला जात असेल.

बाउन्स रेटचा आकडा मात्र जपून वाचावा. फोन नंबर टिपून १० सेकंदांच्या आत पान बंद करणारं आणि लगेच फोन लावणारं गिऱ्हाईकही त्यातच धरलं जातं.