एका मीटरला दोन कांड्या

इचलकरंजीजवळच्या कबनूरच्या यंत्रमागावर विणलेल्या साध्या सुती कापडाचा एक मीटर तुकडा हातात घ्या आणि एक हिशेब करा. इंचाला 52 पीक असतील, म्हणजे उभ्या ताण्यातून धोटा दर इंचाला 52 वेळा आडवं सूत ओढत गेला असेल, तर मीटरभर कापडात तो दोन हजारांहून जास्त वेळा गेला. पन्हा सव्वा मीटरच्या आसपास धरला, तर या एका मीटरमध्ये अडीच किलोमीटरहून अधिक आडवं सूत आहे. ते धोट्यात आपोआप येत नाही. आधी कोणालातरी ते कांडीवर भरावं लागतं. एका कांडीवर वीस-पंचवीस ग्रॅम सूत मावतं. 34 काउंटचं सूत असेल तर ते साधारण चौदाशे मीटर भरतं. म्हणजे एका मीटर कापडाला जवळजवळ दोन कांड्या लागल्या.

हा हिशेब मी पहिल्यांदा केला तो पाठकोऱ्या बिलाच्या मागे, चहा गार होईपर्यंत. मग नाद लागला. साधा माग मिनिटाला सव्वाशेच्या आत-बाहेर पीक मारतो. त्या वेगाने एक कांडी नऊ-दहा मिनिटांत संपते. चार माग सांभाळणाऱ्या कामगाराला दर दोन-अडीच मिनिटांनी कोणत्या ना कोणत्या मागाचा धोटा काढून त्यात भरलेली कांडी घालावी लागते. बारा तासांच्या पाळीत धागे तुटणं, माग थांबणं, बीम बदलणं यांत पाव वेळ गेला असं धरलं, तरी चार मागांवर सव्वाशे मीटर कापड निघतं आणि सव्वादोनशेहून जास्त कांड्या रिकाम्या होतात. कामगार एक मोजला की त्याच्यामागे या कांड्या भरणारे हातही मोजावे लागतात. आमच्या भागात ते हात बहुतेक बायकांचे. कांडी भरणाऱ्या बाईला सगळे कांडीवाली म्हणतात.

इचलकरंजीच्या कापडधंद्याबद्दल जे काही लिहिलं जातं त्याची सुरुवात ठरलेली असते. जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांचा उद्योगांना आश्रय, 1904 साली विठ्ठलराव दातारांनी आणलेला पहिला यंत्रमाग, आणि पुढे सहकाराचे नेते. यात खोटं काही नाही. दातारांचं धाडस मोठंच होतं. पण 1904 चा तो माग चालू झाला त्या दिवशी त्याच्या धोट्यातली कांडी कोणी भरली होती, हा प्रश्न मी एका व्याख्यानानंतर विचारला, तर सभागृहात हशा पिकला. प्रश्न मला अजूनही गंभीर वाटतो. राजांच्या जागी कारखानदार आले, इतिहासाचा साचा मात्र तोच राहिला.

सामान्य माणसांच्या इतिहासाची पार्श्वभूमी थोडक्यात उरकते. इंग्लंडमधल्या कामगारवर्गाच्या घडणीवरचा ई. पी. थॉम्प्सन यांचा ग्रंथ 1963 चा. आपल्याकडे 1989 मध्ये ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना भेटून ‘आम्हीही इतिहास घडवला’ लिहिलं. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावातल्या माणसांच्या मुलाखतींवर पुस्तक उभं केलं. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या जमवल्या, त्यांची संख्या लाखाच्या घरात गेली. दहावीच्या 2018 च्या इतिहासाच्या पुस्तकात वंचितांच्या आणि स्त्रियांच्या इतिहासाचा उल्लेख आहे, पण तो इतिहासलेखनाचा एक प्रवाह म्हणून. मुलं प्रवाहाचं नाव पाठ करतात आणि कांडीवालीच्या दारावरून शाळेला जातात.

आता माझ्या आवडीच्या प्रश्नाकडे येते. एवढं काम करणारी बाई कागदावर का सापडत नाही? लोक म्हणतात, साधनंच नाहीत. मला ते पटत नाही. साधनं कुठे तयार होतात, ते आधी पाहायला हवं. कारखाने कायदा 1948 चा. वीज वापरणाऱ्या ठिकाणी दहा किंवा जास्त कामगार असले की तो मूळ रूपात लागू व्हायचा आणि हजेरीपुस्तक, रजा, कामाचे तास असा कागदांचा सगळा पसारा सुरू व्हायचा. यंत्रमागाचा धंदा मात्र सहा, आठ, बारा मागांच्या शेडमध्ये वाटलेला. एका छपराखाली दोन-तीन नावांनी माग असणं ही इथं नवलाची गोष्ट नाही. दहाचा आकडा गाठलाच नाही की सरकारी कागद जन्माला येत नसे. त्यात कांडी भरण्याचं काम कित्येकदा शेडमध्येही नसतं. ते घरात, सोप्यात, चुलीपासून चार हातांवर चालतं. जनगणनेचा माणूस येतो तेव्हा उत्तर द्यायला घरातला पुरुष पुढे होतो. बायको काय करते? घरीच असते. ती घरीच असते हे खरं, पण तिच्यासमोर कांडी मशीन फिरत असतं.

एका बंद पडलेल्या कारखान्याच्या जुन्या वह्या मला पाहायला मिळाल्या. दिवाणजींचं अक्षर मोत्यासारखं. मागवाल्यांची नावं, मीटर, दर, अंगावरची उचल, हातात दिलेली रक्कम असं सगळं आठवड्यावार लिहिलेलं. प्रत्येक पानाच्या तळाशी एक ओळ: कांडी, आणि पुढे एकच रक्कम. किती बायका, कोणत्या, काही नाही. आधी मी हिरमुसले. मग वरचा हिशेब आठवला. मीटर लिहिलेत म्हणजे कांड्या काढता येतात. तळाची रक्कम त्या कांड्यांनी भागली की शंभर कांड्यांचा दर हाती येतो. तो दर आठवड्यामागून आठवड्याला लावत गेलं की कापडाची मजुरी कधी वाढली आणि कांडीची किती महिन्यांनी वाढली, हे दिसायला लागतं. सुताचा काउंट बदलला की हा हिशेब कोलमडतो, कारण बारीक सूत त्याच कांडीवर जास्त लांब मावतं. म्हणून सूतखरेदीची वही शेजारी उघडी ठेवावी लागते. ती नसेल तर दराच्या भानगडीत पडू नये, नुसत्या रकमेचा चढउतार सांगावा आणि थांबावं.

वही नाव सांगत नाही. त्यासाठी माणसाकडे जावं लागतं. कबनूरमधल्या एका मावशींकडे मी बरेचदा गेले. त्यांचं नाव मी लिहीत नाही, त्यांची तशी इच्छा आहे. पहिल्या भेटीत मी विचारलं, “मावशी, तुम्ही काम कधी सुरू केलंत?” त्या म्हणाल्या, “काम कसलं बाई, घरीच होते की मी.” प्रश्न चुकीचा होता. दुसऱ्या वेळी विचारलं, “पहाटे उठल्यापासून काय काय करायचा, ते सांगा.” मग पाणी, भाकऱ्या, पोरांची आंघोळ, आणि मध्येच सहज, “तवर शंभरभर कांड्या व्हायच्या.”

सालं त्यांना आठवत नाहीत, आणि ती विचारूही नयेत. विचारली की माणूस आपल्याला बरं वाटावं म्हणून एखादं साल सांगतो. त्यांनी सांगितलं ते असं: थोरला पाळण्यात होता तेव्हा भूकंप झाला, पहाटे भांडी पडली. तो चालायला लागल्यावर सासूबाईंनी कांडी भरायला बसवलं. मिलो खायची वेळ आली तेव्हा धाकटी पोटात होती. कोयनेचा भूकंप 11 डिसेंबर 1967 च्या पहाटेचा, तेव्हा थोरल्याचा जन्म 1967 च्या सुमाराचा. चालायला लागला म्हणजे 1968, फार तर 1969. मिलो म्हटलं की 1972 चा दुष्काळ आणि त्याच्या पुढचं वर्ष. म्हणजे त्यांचं काम 1968-69 ला सुरू झालं आणि धाकटीच्या वेळीही चालू होतं. हे पडताळायला थोरल्याचा शाळा सोडल्याचा दाखला मागितला. त्यावर जन्मतारीख 1 जून. आमच्या पिढीतल्या निम्म्या महाराष्ट्राची जन्मतारीख 1 जूनच आहे. गुरुजींनी शाळेत घालताना लिहिलेली तारीख, ती पुरावा म्हणून धरता येत नाही. अशा वेळी भूकंप दाखल्यापेक्षा भरवशाचा.

अलीकडच्या घटनांत मात्र गोंधळ जास्त. पंचगंगेचा पूर 2005 चा आणि 2019 चा, दोन्ही लोकांच्या बोलण्यात एकमेकांत मिसळतात. तिथं मी 2012 ची इचलकरंजीची काविळीची साथ खुंटी म्हणून वापरते. तो पूर साथीच्या आधीचा का नंतरचा, एवढंच विचारायचं. मजुरीचंही तसंच. दर पैशांत आठवत नाही, पण आठवड्याच्या कांडीच्या पैशांत काय यायचं ते आठवतं. मावशींच्या आठवणीत एका दिवाळीला त्या पैशांतून रवा आणि डालडा आला आणि साडीचं राहिलं. साडी कोणासाठी होती, यावर त्यांचं आणि मुलाचं माझ्यासमोर भांडण झालं. तो म्हणाला आत्यासाठी, त्या म्हणाल्या स्वतःसाठी. मी दोन्ही लिहून घेतलं.

अडचणी फार. रेकॉर्डिंग करायचं तर शेजारच्या मागाचा खडखडाट सगळं गिळतो, म्हणून माग बंद असलेला दिवस गाठायचा. आयुष्यभर मागाजवळ काढलेल्यांना ऐकू कमी येतं, त्यामुळे खासगी प्रश्न ओरडून विचारावा लागतो आणि गल्लीला कळतो. असे प्रश्न मी सोडून देते. मुलगा किंवा नवरा शेजारी बसला की बाईचं उत्तर आखूड होतं. त्याला ताण्याबद्दल, सायझिंगबद्दल, 2015 मधल्या सायझिंग कामगारांच्या लांबलेल्या संपाबद्दल वेगळं विचारलं तर तो खूश होतो आणि दोघांच्या मुलाखती स्वतंत्र होतात. सुनांना सोबत बसवलं तर मात्र फायदा होतो, त्या असे प्रश्न विचारतात जे मला सुचलेच नसते. “सैल कांडी भरली की काय व्हायचं?” हा प्रश्न एका सुनेचाच. सैल भरलेली कांडी धोट्यात ढासळते, सुताचे वेढे एकदम सुटून गुंततात, कापडात डाग पडतो. मागवाला कांडीवालीला बोलतो, कांडीवाली सुताला. मावशी हसून म्हणाल्या, “सूत वाईट असलं तरी शिव्या मलाच.” कारखान्यातल्या माणसामाणसांतल्या नात्याबद्दल मला कुठल्याही अहवालातून एवढं कळलं नव्हतं.

एक मर्यादा सांगायला हवी. मुलाखत देणाऱ्या बायका तग धरलेल्या असतात. ज्या आजारपणात गेल्या, ज्या गाव सोडून गेल्या, ज्यांनी अंगावरच्या उचलीपायी दुसरीकडे काम धरलं, त्या या लेखनात येत नाहीत. म्हणून कबनूरच्या कांडीवाल्यांचा इतिहास असं नाव मी माझ्या टिपणांना देत नाही. ती जेवढ्या बायका भेटल्या तेवढ्यांची आहेत.

घाई आहे ती दुसऱ्याच कारणाने. नव्या बिनधोट्याच्या मागांना, रेपिअर असो की एअरजेट, कांडी लागतच नाही. आडवं सूत थेट कोनावरून खेचलं जातं. एकेका शेडमधले साधे माग भंगारात जातात तशा तिथल्या कांडी मशीनही जातात, आणि त्यांच्याबरोबर कपाटातल्या वह्या रद्दीत. मागच्या वर्षी एका शेडचं सामान उचललं जात असताना मी दिवाणजींकडे जुन्या मजुरीवह्या मागितल्या. ते म्हणाले, “त्यात काय बघण्यासारखं आहे बाई? नुसती मजुरी आहे.” तरी त्यांनी पोत्यातून काढून दिल्या. सूतखरेदीची वही मिळाली नाही, ती आधीच गेली होती. त्यामुळे त्या शेडमधल्या कांडीचा दर मला काढता येणार नाही, रकमांचा चढउतार तेवढा सांगता येईल.