पाच मिनिटांचं भाषण म्हणजे किती शब्द?



हा हिशेब मी एका चुकीतून शिकलो, तेव्हा आधी ती चूकच सांगतो.

काही वर्षांपूर्वी इथे इंग्लंडमध्ये आमचे एक जवळचे स्नेही गेले. अंत्यसंस्काराच्या ठिकाणी अर्ध्या तासाची वेळ मिळाली होती. इथे राहणाऱ्यांना ठाऊकच आहे, अर्धा तास म्हणजे अर्धाच तास. पुढचं कुटुंब बाहेर गाडीत थांबलेलं असतं. गुरुजींचे मंत्र, मग मी पाच मिनिटं बोलायचं, मग त्यांचा मुलगा पाच मिनिटं, आणि शेवटी फुलं वाहायची, असं ठरलं होतं.

ऐनवेळी घसा दाटून येईल म्हणून मी सगळं लिहूनच काढलं. ऑफिसच्या प्रेझेंटेशन्समुळे एक आकडा डोक्यात पक्का बसलेला: मिनिटाला 140 शब्द. पाच मिनिटांचे 700. माझं लिखाण भरलं 712. म्हटलं, बरोब्बर!

प्रत्यक्षात मी बोललो जवळजवळ आठ मिनिटं. मला पत्ताच नाही. शेवटच्या पानावर असताना तिथला कर्मचारी दाराशी येऊन उभा राहिलेला दिसला. मुलाच्या वाट्याला दोन मिनिटं आली. त्याने हातातला कागद घडी करून खिशात ठेवला, चार वाक्यं बोलला आणि खाली बसला. मला कोणी काही बोललं नाही, पण तो घडी घातलेला कागद अजून डोळ्यांपुढून जात नाही.

चूक कुठे झाली? 140 हा आकडा खोटा नाही. इंग्रजीत साध्या वेगाने बोलणारा माणूस मिनिटाला साधारण 130 ते 150 शब्द बोलतो. चूक ही, की तो आकडा मी मराठीला लावला.

हे वाक्य बघा: "बाबांच्या जुन्या घरासमोरच्या पिंपळाखाली आम्ही बसायचो." शब्द सहा. हेच इंग्रजीत लिहिलं तर तेरा-चौदा होतात. आपले विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटून येतात, इंग्रजीत त्यांचे सुटे शब्द होतात. 'घरासमोरच्या' हा मोजताना एक शब्द, पण तोंडाला त्यात सहा अक्षरं उच्चारावी लागतात. जीभ शब्द मोजत नाही, उच्चार मोजते. म्हणून मराठीत मिनिटाला शब्द कमी बसतात. प्रत्येक वाक्यात फरक इतका मोठा नसतो, पण पाच मिनिटांत तो चांगलाच जाणवतो.

शिवाय प्रसंगाप्रमाणे वेग बदलतो. जॉन केनेडींचं 1961 सालचं शपथविधीचं भाषण साडेतेराशेच्या आसपास शब्दांचं आहे आणि त्याला जेमतेम 14 मिनिटं लागली. म्हणजे मिनिटाला शंभराच्या आतबाहेर, तेही इंग्रजीत! गंभीर प्रसंगी माणूस सावकाश बोलतो आणि ऐकणाऱ्यालाही तेच बरं वाटतं.

मग स्वतःचा आकडा कसा काढायचा? मी केलं ते असं. स्वतःच लिहिलेला मजकूर घेतला. दुसऱ्याचा नको, आपली वाक्यं आपल्या श्वासाला बेतलेली असतात. उभं राहून, समोर माणसं आहेत असं धरून, मोठ्याने वाचलं. एक मिनिट झालं की जिथे पोहोचलो तिथे पेन्सिलीने खूण. वेगवेगळ्या भागांवर असं तीनदा केलं. शब्द भरले 106, 99 आणि 101. सरासरी 102. हा माझा मराठीतला वेग. आता 712 ला 102 ने भागून बघा, सात मिनिटं येतात! वर थांबणं, आवंढा गिळणं, झाली आठ. घरीच कळायला हवं होतं, पण घरी मी ते मनातल्या मनात वाचलं होतं, आणि मनातलं वाचन नेहमीच जास्त भरभर होतं.

वर्षभराने त्याच मुलाचा फोन आला. "काका, बाबांच्या वर्षश्राद्धानंतर हॉलमध्ये सगळे जमणार आहोत. तुम्ही पाच मिनिटं बोलाल का?" जरा थांबून म्हणाला, "खरंच पाच हं." मी म्हटलं, "अरे, आता मोजून आणतो."

तो हिशेब असा मांडला. पाच मिनिटं म्हणजे 300 सेकंद. खुर्चीतून उठून माइकपर्यंत जाणं, चष्मा लावणं आणि नमस्कार यात 20 गेले. लोक हसतील किंवा मी थांबेन अशा दोन-तीन जागांना मिळून 25. उरले 255. शेवटी नातवंडांसाठी एक परिच्छेद इंग्रजीत हवा होता. त्याचा वेग वेगळा मोजला, तो निघाला मिनिटाला 120. म्हणजे 60 शब्दांना 30 सेकंद. मराठीसाठी राहिले 225 सेकंद, अर्थात पावणेचार मिनिटं. त्याला 102 ने गुणलं की 382. मी 380 वर थांबलो. एकूण 440 शब्द! आधीच्या 712 शेजारी ठेवून बघा.

एक बारकी गोष्ट. कॉम्प्युटर जो शब्दांचा आकडा दाखवतो तो डोळ्यांचा असतो, तोंडाचा नाही. मी तारीख 15/8/1978 अशी लिहिली होती. त्याच्या लेखी तो एक शब्द. बोलताना मात्र "पंधरा ऑगस्ट एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर", शब्द चार आणि त्यातले दोन चांगलेच लांबलचक. तेव्हा आकडे, तारखा, आद्याक्षरं आधी अक्षरात लिहून काढा आणि मगच मोजा. श्लोक किंवा कवितेच्या ओळी असतील तर त्या शब्दांवरून मोजूच नका. त्या आपल्या लयीत जातात, म्हणून घड्याळ लावून वेगळ्या म्हणून बघा.

आणि इतकं करूनही प्रत्यक्षात वेग बदलतोच. काही जण घाबरून धावत सुटतात, माझ्यासारखे गहिवरून रेंगाळतात. त्यासाठी कागदावर दोन खुणा केल्या. पहिली मजकुराच्या बरोबर निम्म्यावर. अडीच मिनिटं होऊन गेली आणि ती खूण आली नाही, तर आपण मागे आहोत हे तिथेच कळतं. दुसरी, उत्तरार्धातल्या 50 शब्दांच्या एका परिच्छेदाभोवती चौकट. तो गाळला तरी पुढचं वाक्य नीट जुळतं हे आधी वाचून पाहिलेलं. चौकट ओलांडली की अर्धा मिनिट वाचतो. नाहीतर आपण शेवटाकडे घाई करतो, आणि शेवट तर सगळ्यात सावकाश म्हणायचा असतो.

हा 102 माझा आकडा आहे, तुमचा 90 निघेल किंवा 115. तो परस्पर वापरू नका, एक मिनिट उभं राहून वाचा आणि आपला काढा. मुद्दे लिहून उत्स्फूर्त बोलणाऱ्यांना मात्र हा हिशेब लागू नाही. त्यांनी एकेक मुद्दा बोलून वेळ लावून बघावा.

त्या दिवशी निम्म्याची खूण थोडी उशिरा आली. चौकट गाळली. चार मिनिटं पन्नास सेकंदांनी मी खाली बसलो. मग मुलगा उठला. त्याने खिशातून एक कागद काढला, घड्या पडून मऊ झालेला. तोच होता, वर्षापूर्वीचा. या वेळी त्याने तो शेवटपर्यंत वाचला.

चूक भूल द्यावी घ्यावी.