पुस्तक येण्याआधीचे वाचक

मराठीत परीक्षणाची प्रत बहुधा पुस्तक छापून झाल्यावरच निघते. प्रकाशक दोन प्रती पाठवतो, अंकात 'साभार पोच' येते आणि परीक्षण छापून येईपर्यंत पुस्तक जुनं झालेलं असतं. अमेरिकेत 'पब्लिशर्स वीकली' प्रकाशनाच्या तीनेक महिने आधीच प्रत मागतं. अशा प्रतीवर 'अंतिम मुद्रितशोधन बाकी' असं स्पष्ट छापलेलं असतं. अलीकडे हीच पद्धत ई-बुक काढणारे एकटे-दुकटे लेखकही वापरतात, फक्त समीक्षकांऐवजी साध्या वाचकांसाठी.

समजा, एक रहस्यकादंबरी 15 नोव्हेंबरला अ‍ॅमेझॉनवर येणार आहे. ऑक्टोबरच्या सुरुवातीला चाळीस जणांना प्रत द्यायची. हे चाळीस निवडण्यातच खरी मेहनत आहे. मामा-मावशी आणि ऑफिसातले मित्र आधी वगळावेत. त्यांचं कौतुक कुणी खरं मानत नाही, शिवाय जवळच्या माणसांचे अभिप्राय अ‍ॅमेझॉनला चालत नाहीत. इच्छुकांना एकच प्रश्न विचारावा: अलीकडे वाचलेली कोणती रहस्यकथा आवडली नाही, आणि का? 'मला सगळंच आवडतं' म्हणणाऱ्याला प्रत देऊन फारसं काही हाती लागत नाही.

प्रतीबरोबरचा निरोप जपून लिहावा लागतो. 'छानसा अभिप्राय द्याल ना?' या एका वाक्यानं सगळं बिघडतं. मोफत प्रत दिलेली अ‍ॅमेझॉनला चालते. तिच्या बदल्यात अभिप्रायाची अट घातलेली चालत नाही. म्हणून असं लिहावं: 'आवडली नाही तर तसंच लिहा. लिहावंसं वाटलं नाही तरी हरकत नाही. लिहिलंत तर प्रत मोफत मिळाली होती, एवढं नमूद करा.'

अ‍ॅमेझॉन प्रकाशनाच्या तारखेआधी वाचकांचे अभिप्राय घेत नाही. त्यामुळे लोक वाचून मोकळे होतात आणि महिन्याभरात विसरतात. वाचून झाल्याबरोबर चार ओळी लिहून ठेवायला सांगावं आणि 15 तारखेला सकाळी पुस्तकाची लिंक पाठवावी. मग आठवडाभरानं एकच आठवण, त्यापुढे नाही. चाळिसांतल्या निम्म्यांनी लिहिलं तरी पुष्कळ झालं.

या दीड महिन्याचा आणखी एक उपयोग असतो, आणि मला तो अभिप्रायांहून मोलाचा वाटतो. पाचसहा जण सहाव्या प्रकरणातच रेंगाळले, तर दोष त्यांच्या वेळेचा नाही, प्रकरणाचा आहे; ई-बुकची फाइल अजून बदलता येते. उलट वीसच्या वीस अभिप्राय पाच ताऱ्यांचे आले, तर समजावं की निवड आपल्याच गोतावळ्यातून झाली. आणि 'खुनी तिसऱ्या प्रकरणातच कळला' असं लिहून तीन तारे देणारीला उत्तर द्यायला जाऊ नये. पुढच्या कादंबरीच्या यादीत तिचं नाव सर्वात वर ठेवावं.