जवळची वाट वेगवान का नसते? जीवरक्षकाच्या धावेमागचे गणित

समुद्रात कुणी बुडताना दिसले, की जीवरक्षकाने सरळ त्या दिशेने पाण्यात झेप घ्यावी, असे काठावरच्या गर्दीला वाटते. पण वाळूवर धावण्याचा आणि पाण्यात पोहण्याचा वेग सारखा नसतो. म्हणूनच सर्वांत कमी अंतराची वाट सर्वांत कमी वेळाची नसते.

उदाहरण घेऊ. जीवरक्षक पाण्याच्या कडेला उभा आहे. बुडणारी व्यक्ती किनाऱ्याने १०० मीटर पुढे आणि तिथून ४० मीटर आत आहे. धावण्याचा वेग सेकंदाला ५ मीटर आणि पोहण्याचा १.२५ मीटर धरू. उभ्या जागेवरूनच पोहत निघाल्यास सुमारे १०८ मीटर पोहावे लागेल आणि ८६ सेकंद जातील. पूर्ण १०० मीटर धावून अगदी समोरून पाण्यात शिरल्यास ५२ सेकंद लागतील.

याहून कमी वेळ शक्य आहे का? समजा, तो समोरच्या बिंदूच्या x मीटर आधीच पाण्यात शिरला. मग एकूण वेळ असा:

T = (१०० − x)/५ + √(x² + ४०²)/१.२५

x वाढवला की धावण्याचा वेळ घटतो आणि पोहण्याचा वाढतो. एकीकडची बचत आणि दुसरीकडचा खर्च जिथे समान होतात, तिथे T चा डेरिव्हेटिव्ह, म्हणजे बदलाचा दर, शून्य होतो:

x/√(x² + ४०²) = १.२५/५ = १/४

यातून x = ४०/√१५, म्हणजे सुमारे १०.३ मीटर. जवळपास ९० मीटर धावायचे, मग ४१ मीटर तिरके पोहायचे. एकूण वेळ ५१ सेकंद.

या समीकरणात १०० चा आकडा उरतच नाही. व्यक्ती किनाऱ्याने २०० मीटर पुढे असती, तरी पाण्यात शिरण्याची जागा समोरच्या बिंदूच्या १०.३ मीटर आधीच राहिली असती. मात्र ती मुळात १०.३ मीटरपेक्षाही कमी पुढे असेल, तर हे उत्तर जीवरक्षकाच्या मागे पडते. अशा वेळी धावण्यात अर्थ नाही, तिथूनच पोहायचे.

अमेरिकेतील गणिताचे प्राध्यापक टिमोथी पेनिंग्ज यांनी लेक मिशिगनच्या काठावर चेंडू फेकून आपल्या एल्व्हिस या कुत्र्याच्या वाटा मोजल्या आणि २००३ मध्ये त्यावर लेख प्रसिद्ध केला. एल्व्हिस सेकंदाला ६.४ मीटर धावत होता आणि ०.९१ मीटर पोहत होता. या वेगांनुसार चेंडू १० मीटर आत असेल, तर सुमारे १.४ मीटर आधी पाण्यात शिरायला हवे. त्याच्या बहुतेक उड्या या हिशेबाच्या जवळ होत्या.

प्रत्यक्ष समुद्रात गुडघाभर पाण्यात चालण्याचा वेग तिसराच असतो आणि प्रवाह बुडणाऱ्याला सरकवत असतो. त्यामुळे १०.३ हा आकडा तंतोतंत लागू होणार नाही. पण आपल्या उदाहरणात x शून्य ते २० मीटरमध्ये कुठेही धरला, तरी सर्वोत्तम वेळेपेक्षा जास्तीत जास्त एक सेकंद वाढतो. उभ्या जागेवरून थेट पोहत निघाल्यास मात्र ३५ सेकंद वाढतात.