डोक्यातील गजकर्ण

फ्रीगंजातील आमच्या शेजारच्या एका मुलाच्या डोक्यावर प्रथम कोंडा दिसला, मग तेथील केस तुटू लागले. महिनाभर मलम चोळूनही तेथे मऊ, दुखरी, पुवाळलेली सूज आली. घरच्यांना ते गळू वाटले व चिरण्याचा विचार झाला. परंतु डॉक्टरांनी ओढलेले केस न दुखता सुटले आणि तपासणीत त्यांत बुरशी आढळली. ही बुरशी केसांच्या मुळांत शिरते, मलम तेथवर पोहोचत नाही. पोटात घेतलेले औषध मात्र रक्तावाटे नव्या केसांत उतरते. म्हणून ग्रिझिओफुल्विनच्या गोळ्या, वजनानुसार ठरविलेल्या मात्रेत, दुधासारख्या स्निग्ध आहाराबरोबर ६ ते ८ आठवडे दिल्या जातात. सूज ओसरताच त्या थांबविल्यास रोग उलटतो. उपचारास विलंब झाल्यास तेथे कायमचे टक्कल राहू शकते.